वटाव दर बदलला की दोन प्रकल्पांचा क्रम का उलटतो?

प्रश्न: आमच्यापुढे दोन प्रकल्प आहेत आणि त्यांपैकी एकच करता येणार आहे. दोन्हींना आज प्रत्येकी १०० लाख लागतात आणि दोन्ही पाच वर्षे चालतील. पहिल्यातून वर्षाअखेर अनुक्रमे ६०, ४०, २५, १५ आणि १० लाख हाती येतील; दुसऱ्यातून १०, २५, ३५, ५० आणि ५५ लाख. वित्त विभाग १४ टक्के वटाव दर धरतो आणि पहिला प्रकल्प सुचवतो. उत्पादन विभाग ८ टक्के धरतो आणि दुसरा सुचवतो. एनपीव्ही म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य दोघेही काढतात, मग उत्तर वेगळे का येते, आणि बरोबर कोणाचे?

उत्तर:

दोन्ही विभागांचे गणित बरोबर आहे. ८ टक्के दराने पहिल्या प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या रकमा त्या दराने आजच्या मूल्यात आणून त्यांतून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, २७.५३ लाख येते आणि दुसऱ्याचे ३२.६६ लाख. १४ टक्क्यांनी तेच अनुक्रमे १४.३६ आणि ९.८० लाख होते. म्हणजे ८ टक्क्यांना दुसरा प्रकल्प ५.१३ लाखांनी पुढे आहे, तर १४ टक्क्यांना पहिला ४.५६ लाखांनी. दोन्ही दरांना दोन्ही प्रकल्प नफ्याचेच ठरतात, ही गोष्ट लक्षात असू द्या. इथे वाद प्रकल्प करावा की नाही याचा नाही, दोहोंपैकी कोणता घ्यावा याचा आहे. म्हणून दोन वेगवेगळी मूल्ये काढून शेजारी ठेवण्याआधी एक साधे काम करा: दुसऱ्या प्रकल्पाच्या रोख प्रवाहातून पहिल्याचा प्रवाह वजा करा आणि उरलेल्या फरकाकडे पाहा.

| वर्ष | दुसरा वजा पहिला (लाख) |
|---|---|
| ० | ० |
| १ | −५० |
| २ | −१५ |
| ३ | +१० |
| ४ | +३५ |
| ५ | +४५ |

तुमच्यापुढचा खरा निर्णय या एका स्तंभात आहे. पहिल्याऐवजी दुसरा प्रकल्प निवडणे म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटी मिळू शकणारे ५० लाख आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटचे १५ लाख सोडून देणे, आणि त्या बदल्यात तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी १०, ३५ आणि ४५ लाख जास्त मिळवणे. ही स्वतःच एक गुंतवणूक आहे: ६५ लाख गुंतवायचे आणि नंतर ९० लाख परत घ्यायचे. या गुंतवणुकीचा वार्षिक परतावा काढला तर तो सुमारे १०.९ टक्के येतो. ज्या दराला या फरकाचे वर्तमान मूल्य शून्य होते आणि दोन्ही प्रकल्प बरोबरीत येतात, तो हाच दर. ११ टक्के धरून पाहिले तर पहिल्याचे मूल्य २०.६१ आणि दुसऱ्याचे २०.४७ येते, म्हणजे जवळपास सारखेच.

त्यामुळे तुमच्या दोन विभागांतला मतभेद असा मांडता येतो. सुरुवातीला सोडलेल्या पैशावर १०.९ टक्के परतावा मिळत असेल, तर तो पुरेसा आहे का? उत्पादन विभाग म्हणतो की पुरेसा आहे, कारण आपल्याला पैसा ८ टक्क्यांना पडतो. वित्त विभाग म्हणतो की पुरेसा नाही, कारण आपण त्याच पैशावर दुसरीकडे १४ टक्के मिळवू शकतो, किंवा पैसा पुरवणारे आपल्याकडून तेवढी अपेक्षा धरतात. वटाव दर म्हणजे या प्रश्नाचे तुम्ही आधीच दिलेले उत्तर असते. ते वेगळे दिले की निवडही वेगळी येणार, आणि ती तशी आलीच पाहिजे.

हे पटत नसेल तर वर्तमान मूल्य बाजूला ठेवा आणि सगळे पैसे पाचव्या वर्षाच्या अखेरीस नेऊन पाहा. पहिला प्रकल्प घेतला तर पहिल्या वर्षाअखेर ५० लाख जास्त हाती असतील आणि ते पुढची चार वर्षे कुठेतरी कामाला लावता येतील. दुसऱ्या वर्षाअखेरचे १५ लाख तीन वर्षे कामाला लागतील. ८ टक्क्यांनी ते ५० लाख ६८.० लाख होतात आणि १५ लाखांचे १८.९ होतात, एकूण ८६.९ लाख. दुसरा प्रकल्प घेतला तर जास्तीचे १० लाख दोन वर्षे वाढून ११.७, ३५ लाख एक वर्ष वाढून ३७.८ आणि शेवटचे ४५ जसेच्या तसे, असे ९४.५ लाख होतात. दुसरा पुढे. आता दर १४ टक्के धरा. पहिल्याचे जास्तीचे पैसे ८४.४ अधिक २२.२ म्हणजे जवळपास १०६.७ लाखांवर जातात, तर दुसऱ्याचे १३.०, ३९.९ आणि ४५ मिळून ९७.९ लाखांवरच थांबतात. पहिला पुढे. लवकर आलेला पैसा लवकर कामाला लागतो, आणि त्या कामातून किती मिळते यावर त्याच्या लवकर येण्याची किंमत ठरते.

दर वाढला की दोन्ही मूल्ये घटतात, पण ती सारख्या वेगाने घटत नाहीत, आणि क्रम उलटण्याचे कारण तेच आहे. ८ वरून १४ टक्क्यांवर जाताना पहिल्याचे मूल्य १३.१७ लाखांनी उतरते, दुसऱ्याचे २२.८६ लाखांनी. वर्षागणिक हा परिणाम पाहायचा असेल तर १.०८ ला १.१४ ने भागा, उत्तर ०.९४७ येते. याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या रकमेचे आजचे मूल्य ८ टक्क्यांना जेवढे होते त्यापेक्षा १४ टक्क्यांना सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. पाचव्या वर्षाच्या रकमेला हाच गुणक पाच वेळा लागतो आणि तो ०.७६३ होतो, म्हणजे तिचे मूल्य सुमारे २४ टक्क्यांनी घटते. पहिल्या प्रकल्पाची ६० लाखांची सर्वांत मोठी रक्कम पहिल्याच वर्षी येते, दुसऱ्याच्या ५० आणि ५५ लाखांच्या मोठ्या रकमा शेवटच्या दोन वर्षांत येतात. दराची वाढ दुसऱ्या प्रकल्पाला जास्त झोंबते ती एवढ्यासाठीच. न वटवलेल्या बेरजेत मात्र दुसरा १७५ विरुद्ध १५० असा चांगलाच पुढे दिसतो, आणि बैठकीत सहसा तीच बेरीज आधी सांगितली जाते.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण बरोबर कोणाचे हे गणितातून ठरत नाही. ८ आणि १४ हे आकडे कुठून आले यावरून ठरते. भांडवली प्रस्ताव तपासताना दोन विभागांचे दर इतके वेगळे दिसले, की मी सर्वांत आधी एक शंका तपासून घेते. कदाचित हे दोन वेगळे दर नसतीलच. एकच दर एकाने महागाई धरून आणि दुसऱ्याने महागाई वगळून सांगितला असेल.

महागाई धरलेला दर १४ टक्के असेल आणि महागाई वर्षाला साडेपाच टक्के अपेक्षित असेल, तर महागाई वगळून उरणारा खरा दर १.१४ भागिले १.०५५ वजा १, म्हणजे सुमारे ८.०६ टक्के येतो. (१४ मधून ५.५ वजा करून ८.५ सांगण्याची पद्धत रूढ आहे, पण ती अंदाजापुरतीच ठीक. हिशेबात भागाकारच करावा.) असे असेल तर दोन्ही विभागांचा दर एकच आहे, आणि प्रश्न उरतो तो रोख प्रवाह कोणत्या किमतींत लिहिले आहेत एवढाच. दुसऱ्या प्रकल्पाचे पाचव्या वर्षाचे ५५ लाख हे आजच्या विक्रीदराने आणि आजच्या मजुरीने काढले असतील, तर ते आजच्या किमतींतले आहेत आणि त्यांना महागाई वगळलेला दरच लावला पाहिजे. त्याच ५५ लाखांना महागाई धरून पाचव्या वर्षी नेले तर ते सुमारे ७१.९ लाख होतात, आणि त्यांना १४ टक्क्यांनी वटवले काय किंवा मूळ ५५ ना ८.०६ टक्क्यांनी वटवले काय, आजचे मूल्य ३७.३ लाखच येते. प्रवाह आणि दर एकाच भाषेत बोलत असले की निकाल एकच असतो.

चूक होते ती मिसळीत. आजच्या किमतींतल्या प्रवाहांना १४ टक्के लावले तर महागाई दोनदा कापली जाते. प्रवाहात ती धरलेली नसते, तरीही दरातून ती वजा होते, आणि हा भुर्दंड उशिरा पैसे देणाऱ्या प्रकल्पावर सर्वांत जास्त पडतो. तुमच्या उदाहरणात एवढ्या एका चुकीने दुसऱ्या प्रकल्पाची ५ लाखांची आघाडी जाऊन तो साडेचार लाखांनी मागे पडतो. ही चूक ओळखायची कशी, तर प्रवाहाच्या ओळी खर्चानिशी उघडून पाहायच्या. मजुरी, वीज आणि विक्रीचा भाव पाचही वर्षे एकच असेल तर बहुधा सगळे आजच्या किमतींत आहे. फक्त दोन अपवाद लक्षात ठेवा. करारात ठरवून दिलेला भाव वर्षानुवर्षे तोच राहतो म्हणून तो आजच्या किमतींतला होत नाही. तो त्या त्या वर्षीच्या पैशातला असतो, आणि महागाईने त्याचे खरे मूल्य घटत जाते. घसाऱ्यामुळे वाचणारा करही तसाच असतो, कारण घसारा मूळ खरेदी किमतीवर मोजला जातो आणि महागाईबरोबर वाढत नाही. ज्या हिशेबात असे प्रकार एकत्र आलेले असतात तिथे सगळ्या ओळी महागाईसकट लिहून काढणे आणि महागाई धरलेलाच दर लावणे मला जास्त सुरक्षित वाटते.

शंका खोटी ठरली, म्हणजे प्रवाह महागाईसकट लिहिले आहेत आणि तरीही एक विभाग ८ आणि दुसरा १४ म्हणतो असे निघाले, तर ८ चा उगम शोधा. माझा पहिला अंदाज असा की हा कर्जाच्या व्याजाचा दर असेल. ‘या प्रकल्पासाठी ८ टक्क्यांनी कर्ज मिळते आहे, मग पैसा ८ टक्क्यांनाच पडतो’ हे म्हणणे सरळ वाटते, पण कंपनीला ते कर्ज ८ टक्क्यांना मिळते ते भागधारकांचे भांडवल त्याच्या पाठीशी उभे आहे म्हणून. तोटा झाला तर आधी तो भागधारक सोसतात, धनको नंतर. आज या प्रकल्पासाठी कर्ज काढले की उद्याच्या प्रकल्पासाठी कर्ज काढण्याची क्षमता तेवढी कमी होते, आणि मग उद्याच्या प्रकल्पाला भागभांडवलाचा महाग दर लावायचा का? म्हणून दर कर्ज आणि भागभांडवल यांची भारित सरासरी धरून काढतात. समजा, भांडवलात ४० टक्के कर्ज आहे आणि त्याचा व्याजदर ८ टक्के आहे. व्याजावर कर वाचतो, कराचा दर २५ टक्के असेल तर कर्ज ६ टक्क्यांना पडते. उरलेले ६० टक्के भागभांडवल आहे आणि त्या जोखमीसाठी भागधारक १६.५ टक्के अपेक्षितात. सरासरी २.४ अधिक ९.९, म्हणजे १२.३ टक्के. या दराला पहिला प्रकल्प २.१६ लाखांनी पुढे आहे. त्याच कंपनीत, त्याच कर्जावर, नुसता व्याजदर धरला असता तर दुसरा प्रकल्प निवडला गेला असता.

या मुद्द्याला जोडून एक गोष्ट तपासून घ्या: प्रवाहातून व्याज वजा केलेले आहे का? भारित सरासरी दरात व्याजाची किंमत आलेली असते. तेच व्याज प्रवाहातूनही वजा झाले तर ते दोनदा मोजले जाते. प्रवाह व्याजाआधीचे आणि कर वजा जाता उरलेले असावेत, आणि दरही करानंतरचा असावा.

१४ चा उगम तपासताना मात्र वेगळी गोष्ट सापडण्याची शक्यता असते. पुष्कळ ठिकाणी मूळ दर त्यापेक्षा कमी असतो आणि वर ‘सावधगिरी’ म्हणून काही टक्के चढवलेले असतात. दुसरा प्रकल्प नवा आहे, बाजार ठाऊक नाही, म्हणून जोखमीचे दोन-चार टक्के वर. जोखीम दरात धरू नये असे माझे म्हणणे नाही. जी जोखीम वर्षागणिक साचत जाते, उदाहरणार्थ मागणीचा अंदाज जितका पुढचा तितका अधिक अनिश्चित असणे, तिच्यासाठी दर वाढवणे योग्यच आहे, कारण चढवलेला टक्काही वर्षागणिक चक्रवाढीने कापत जातो. पण पुष्कळशा जोखमी अशा नसतात. परवाना मिळेल की नाही, यंत्र पहिल्या चाचणीत अपेक्षित क्षमता देईल की नाही, या गोष्टी वर्ष-दीड वर्षात एकदाच निकाली निघतात. एकदा पार पडल्या की पाचव्या वर्षाच्या रकमेला त्यांचा धोका राहत नाही. अशा जोखमीसाठी दर ८ वरून १४ केला तर तो पहिल्या वर्षाला ५ टक्के आणि पाचव्या वर्षाला २४ टक्के कापतो, म्हणजे शिक्षा नेमकी चुकीच्या जागी बसते.

अशा जोखमीसाठी शक्यता उघडपणे मांडा. समजा, दुसऱ्या प्रकल्पाचा परवाना न मिळण्याची काही शक्यता आहे आणि तो न मिळाल्यास १०० लाख पूर्ण बुडतात, परत काहीच येत नाही. ८ टक्के दराने दुसऱ्याच्या येणाऱ्या प्रवाहांचे आजचे मूल्य १३२.६६ लाख आहे आणि पहिल्याच्या प्रवाहांचे १२७.५३. म्हणजे परवाना नाकारला जाण्याची शक्यता शंभरात चार इतकी झाली की दुसऱ्याची आघाडी संपते. हा आकडा फार उपयोगाचा आहे, कारण त्यावर बोलता येते. शंभरात चारापेक्षा धोका जास्त आहे का, हा प्रश्न परवान्याचे काम पाहणाऱ्या माणसाला विचारता येतो आणि तो काहीतरी अर्थपूर्ण उत्तर देऊ शकतो. ‘सहा टक्के जोखीम अधिमूल्य योग्य आहे का’ या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नसते. तो शेवटी हुद्द्यावर सुटतो. शिवाय दर ८ वरून १४ करणे म्हणजे दुसऱ्या प्रकल्पाच्या येणाऱ्या मूल्यातून सुमारे १७ टक्के कापणे आहे, हे दर चढवणाऱ्याच्या सहसा ध्यानात नसते. त्यातून तोच चढवलेला दर पहिल्या प्रकल्पालाही लावलेला असतो, जरी त्याचा बाजार जुना आणि ओळखीचा असला तरी. दोन प्रकल्पांची जोखीम खरोखर वेगळी असेल तर त्यांचे दर वेगळे असायला हवेत. कंपनीचा एकच दर सगळ्यांना लावण्याची सोय हिशेबनिसाची असते.

हे सारे तपासून झाल्यावर तुमचा दर ७-८ च्या आसपास किंवा १३-१४ च्या आसपास स्थिर झाला, तर निर्णय स्पष्ट आहे. पण तो १० ते १२ च्या दरम्यान आला तर दराबद्दल भांडत बसू नका. १० टक्क्यांना दुसरा १.५१ लाखांनी पुढे आहे आणि १२ टक्क्यांना पहिला १.७१ लाखांनी, १०० लाखांच्या गुंतवणुकीत हा फरक अंदाजाच्या चुकीपेक्षा लहान आहे. १० टक्के दराला पाचव्या वर्षी ५५ ऐवजी ५२.६ लाख आले तरी दुसऱ्याची आघाडी पुसली जाते. पाच वर्षांनंतरची रक्कम पाच टक्क्यांच्या आत अचूक सांगणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अशा वेळी वेळ घालवायचा तो चौथ्या आणि पाचव्या वर्षाचे ५० आणि ५५ कशावरून आले हे शोधण्यात. त्यात यंत्राची अखेरची विक्री किंमत धरली आहे का? खेळते भांडवल परत येईल असे धरले आहे का? विक्री दरवर्षी वाढते आहे ती कोणत्या क्षमतेवर, आणि ती क्षमता आज विकत घ्यायच्या यंत्रात आहे का? दुसऱ्या प्रकल्पाचे निम्म्याहून जास्त मूल्य याच दोन आकड्यांत आहे.

वाद मिटवण्यासाठी कोणी अंतर्गत परतावा दर, म्हणजे ज्या दराला प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते तो दर, पुढे केला तर त्याला भुलू नका. तो पहिल्याचा सुमारे २२ टक्के आणि दुसऱ्याचा सुमारे १७ टक्के येतो, आणि पहिलाच चांगला असे चित्र उभे राहते, मग तुमच्या पैशाची किंमत काहीही असो. प्रत्यक्षात पैसा ८ टक्क्यांना पडत असेल तर पहिला निवडून तुम्ही ५.१३ लाखांचे मूल्य सोडता. परतावा दर विचारायचाच असेल तर तो फरकाच्या स्तंभाचा विचारा. तोच वरचा १०.९.

तक्त्यात हे करताना एक घोटाळा नेहमी दिसतो. एक्सेलचे `NPV` हे सूत्र यादीतली पहिली रक्कम आजची नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीची समजते. त्यामुळे आजची गुंतवणूक सूत्राच्या बाहेर ठेवून मिळवायला लागते. आजची रक्कम `B2` मध्ये (वजा चिन्हासह), पाच वर्षांच्या रकमा `B3` ते `B7` मध्ये आणि फरकाच्या पाच रकमा `D3` ते `D7` मध्ये असतील तर:

```
=NPV(14%,B3:B7)+B2
=IRR(D3:D7)
```

आजची रक्कमही आत घातली तर १४.३६ च्या जागी १२.६० दिसते, कारण सगळेच एक वर्ष जास्त वटवले जाते. दोन्ही प्रकल्प सारखेच भागले जात असल्याने क्रम मात्र बदलत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे सूत्र फरकाचा परतावा देते. शिवाय दर ० पासून २० टक्क्यांपर्यंत एकेक टक्क्याने वाढवत दोन्ही मूल्यांच्या रेषा एकाच आलेखावर काढा आणि तो आलेख बैठकीत ठेवा. दोन रेषा कुठे छेदतात आणि तुमचा दर त्या छेदाच्या कोणत्या बाजूला, किती दूर आहे, हे समजायला वित्ताचे शिक्षण लागत नाही.

तुमच्या उदाहरणात दोन गोष्टींनी काम सोपे केले आहे: गुंतवणूक सारखी आहे आणि आयुष्यही सारखेच आहे. एक प्रकल्प तीन वर्षांत संपत असता तर चौथ्या वर्षापासून त्या जागेचे आणि पैशाचे काय होणार, हे ठरवल्याशिवाय तुलना करता आली नसती.

शेवटी एक तपासणी उरते, आणि ती मी सहसा आग्रहाने करायला लावते. मोठा दर लावणे म्हणजे सावध असणे, हा समज येणाऱ्या पैशापुरता चालतो. उशिरा होणाऱ्या खर्चाच्या बाबतीत तो उलटा पडतो. दुसरा प्रकल्प संपल्यावर यंत्रे उखडण्यासाठी किंवा जागा पूर्ववत करण्यासाठी सहाव्या वर्षाअखेर १० लाख लागणार असतील, तर ८ टक्क्यांनी त्या खर्चाचे आजचे ओझे ६.३० लाख आहे आणि १४ टक्क्यांनी केवळ ४.५६ लाख, म्हणजे ‘सावध’ दराला हा खर्च अधिक किरकोळ भासतो. तुमच्या आकड्यांत हा एक खर्च मिळवला तर ८ टक्क्यांना दुसऱ्याची ५.१३ लाखांची आघाडी संपून तो १.१७ लाखांनी मागे पडतो, बरोबरीचा दर १०.९ वरून सुमारे ७.३ टक्क्यांवर उतरतो, आणि वित्त विभागाचा दर घ्या किंवा उत्पादन विभागाचा, पहिलाच प्रकल्प पुढे येतो. तेव्हा दर कोणाचा, हे ठरवायला बसण्यापूर्वी पाचव्या वर्षानंतर दोन्ही प्रकल्पांवर काय खर्च आहे ते लेखी मागवून घ्या.